टोकनच्या पत्रातली सहावी अट

माझी बायको गेली त्याला येत्या माघात वर्ष होईल. मुलगी म्हणते, बाबा, आईबद्दल काहीतरी लिहा, मन हलकं होईल. मन म्हणजे काय सिमेंटची गोणी आहे, खांद्यावरून उतरवली की झालं? पण दुपारी झोप लागत नाही आणि भिंतीकडे बघून बघून भिंतीतल्या चुका दिसायला लागतात, म्हणून लिहितो. मी चौथी शिकलेला. ती सातवी पास. हा तीन इयत्तांचा फरक तिने मला आयुष्यभर विसरू दिला नाही.

लोक मेलेल्या माणसाबद्दल गोड गोड बोलतात. मी नाही बोलणार. ती हट्टी होती, भाजीत मीठ जास्त टाकायची आणि माझ्या धंद्यात नाक खुपसायची. तिने नाक खुपसलं म्हणूनच धंदा झाला, ही गोष्ट वेगळी.

मी मूळचा गवंडी. उल्हासनगरला कॅम्पातल्या जुन्या बराकी पाडून लोक माड्या चढवत होते, तिथे मी आधी हाताखाली, मग मिस्त्री, मग दहा-बारा माणसांचा मुकादम झालो. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला बदलापुरातला एक जमीनवाला मला म्हणाला, मिस्त्री, माझी जागा, तुझं बांधकाम. दोन घरं माझी, चार तू विक. तळमजला आणि वर दोन मजले, प्रत्येक मजल्यावर दोन घरं. मी हो म्हणालो. घर बांधणं मला येत होतं. घर विकणं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक नव्हतं.

ऑफिस नव्हतं. साइटच्या मागे आमची भाड्याची खोली होती, तिथला लोखंडी पलंग म्हणजे ऑफिस. पलंगाखाली पत्र्याची पेटी, पेटीत कागद. कल्याणचे एक वकील होते, आमची जागेची कामं बघणारे. त्यांनी टोकनच्या पावतीचा आणि पावतीसोबत द्यायच्या पत्राचा इंग्रजीतला नमुना दिला. बायको म्हणाली, "हे मराठीत समजावून सांगा साहेब, मी लिहून घेते. आमच्याकडे घर घ्यायला येणारी माणसं काय कलेक्टर नाहीत."

वकिलांनी सांगितलं, तिने लिहून घेतलं. पावती छोटी. कोणाकडून, कोणत्या घरासाठी, किती, चेक असेल तर त्याचा नंबर, खाली रेव्हेन्यू स्टॅम्प आणि त्यावर आडवी माझी सही. मुदत तीस दिवस, बाकी अटी सोबतच्या पत्राप्रमाणे. पत्र मोठं. त्यात पाच अटी होत्या. हे टोकन आहे, करारनामा नाही. चेक वटला तरच पावती खरी. तीस दिवसांत करारनामा रजिस्टर करायचा आणि त्या वेळी टोकन धरून किमतीचे वीस टक्के भरायचे, तोवर घर दुसऱ्याला विकणार नाही आणि भाव वाढवणार नाही. घेणाऱ्याचं कर्ज नामंजूर झालं तर तसा कागद दाखवल्यावर टोकन पूर्ण परत. आणि त्याने आपल्या मर्जीने माघार घेतली तर टोकनमधून ठरलेली रक्कम कापून बाकी परत.

"झाल्या पाच," वकील म्हणाले.

"सहावी लिहा," ही म्हणाली. "मुदत संपली म्हणून घर आपोआप सुटणार नाही. आम्ही लेखी कळवू, आणि ते पत्र हातात पडल्यापासून सात दिवस वाट बघू."

वकिलांनी चष्मा काढला. "वहिनी, स्वतःच्या पायात दोरी कशाला बांधता?"

"पाय आमचे आहेत ना?"

मला कारण माहीत होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी अंबरनाथला आम्ही एका खोलीचं डिपॉझिट म्हणून थोडे पैसे ठेवले होते. बाकीचे भरायला चार दिवस उशीर झाला, कारण मी तापाने आडवा होतो. ही पैसे घेऊन गेली तर दारात दुसरीच बाई तांदूळ निवडत बसलेली. मालक म्हणाला, कालच दिली. एक शब्द कळवला असता तर ही मंगळसूत्र गहाण टाकून गेली असती. मी ते विसरलो होतो. ती काही विसरत नसे, हा तिचा दुसरा दुर्गुण.

पहिल्या मजल्यावरचं पूर्वेकडचं घर सगळ्यांत चांगलं होतं. सकाळचं ऊन थेट स्वयंपाकघरात, लांब डोंगर. ते बघायला एक पोरगेलासा माणूस आला, आनंदनगरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. सोबत बायको आणि आई. ही तिघं उल्हासनगरला भाड्याच्या एका खोलीत राहत होती. तेव्हा घर म्हणजे नुसत्या भिंती, खिडक्यांच्या जागी भोकं. आई त्या भोकापाशी उभी राहिली ती हलेचना.

"मिस्त्री, ही खिडकी केवढी येणार?"

"चार बाय साडेतीन."

"लाकूड धरून का सोडून?"

"म्हातारे, तू पडदे शिवतेस का काय?"

"शिवते," ती म्हणाली. "लोकांचे शिवते. गावभर लोकांच्या खिडक्या झाकल्या, माझी एकही नाही."

मी माप सांगितलं. मग सगळे आमच्या पलंगावर बसले. त्याने चेक काढला. माझ्या बायकोने कार्बन घालून पावती लिहिली, पत्र लिहिलं आणि एकेक अट मोठ्याने वाचली. अशी वाचायची की शाळेतली बाई वाटावी. पोरगा मान हलवत होता. कोणी ऐकत नव्हतं, हे मला तेव्हाच दिसत होतं. माणूस घर घेतो तेव्हा त्याच्या कानात खिडक्याच असतात. शेवटी त्याने खाली सही केली, मूळ कागद त्याला, कार्बनची प्रत आमच्या पेटीत.

"पत्र जपून ठेवा," ही त्याला म्हणाली. "पावतीपेक्षा पत्र महत्त्वाचं."

"होय काकू," तो म्हणाला. त्याने काय केलं ते पुढे सांगतो.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या मजल्याचा स्लॅब घालायचा होता. लोखंडवाला उधारी देईना. त्याच वेळी उल्हासनगरचा एक कापडाचा शेठ आला, मी त्याची माडी बांधली होती. चांगला माणूस, दिलदार. त्याला मेव्हण्यासाठी घर हवं होतं आणि त्याचा हात नेमका पहिल्या मजल्यावरच्या पूर्वेकडच्या घरावर पडला.

"वो तो गया शेठ. टोकन आलंय."

"टोकन कितने का? दुगना देता हूँ. और भाव भी जास्ती. मिस्त्री, स्लॅब का लोहा कल गिरेगा तेरी साइट पर."

शेठने थैलीत हात घातला. ही आतून चहा घेऊन आली. "शेठ, हात काढा थैलीतून, चहा गरम आहे."

"भाभी, क्या कागज-कागज करती हो? हमारा धंधा जबान पे चलता है."

"मग जबान त्या पोराला दिलीय ना आम्ही. तुम्हालाच पटायला हवं."

शेठ हसला. त्याला राग येत नसे. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "मुदत कब खतम?" मी तारीख सांगितली. "उसके बाद तो तेरा घर तेरा, ना?" मी म्हणालो, "हां." खोटं नव्हतं. मला सहावी अट आठवली नव्हती, किंवा आठवली आणि मी तिच्यावर फळी टाकली. आता या वयात दोन्हींतलं खरं काय ते सांगता येत नाही.

तीस दिवस झाले. पोरगा आला नाही. निरोप नाही, चिठ्ठी नाही. एकतिसाव्या दिवशी सकाळी मी दाढी करता करता गुणगुणत होतो.

"आज फार खूश दिसताय," ही म्हणाली.

"मुदत संपली. शेठकडे जाऊन येतो."

तिने पेटी ओढली, कार्बनची प्रत काढून माझ्या आरशासमोर धरली. "सहा वाचा."

"मला वाचता येत नाही."

"दारूच्या दुकानाची पाटी बरी वाचता येते. सहा वाचा."

आम्ही भांडलो. मी म्हणालो, स्लॅब काय तुझ्या अक्षरावर उभा राहणार आहे? लोखंड लागतं त्याला. ती म्हणाली, लोखंड उशिरा आलं तर स्लॅब उशिरा पडेल, सही खोटी पडली तर उरलेली तीन घरं कोण घेणार? मी म्हणालो, त्याला नकोच असेल घर, म्हणून आला नाही. ती म्हणाली, तसं त्याला म्हणू दे, आपण त्याच्या तोंडातून बोलायचं नाही. मग तिने दोन प्रतींत पत्र लिहिलं. आपली तीस दिवसांची मुदत अमुक तारखेला संपली आहे, अट सहाप्रमाणे हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत करारनाम्यासाठी यावे, न आल्यास राखीव ठेवलेली सदनिका मोकळी समजली जाईल.

"पोस्टाने टाक," मी म्हणालो.

"पोस्टाला वेळ लागेल, तुम्हाला घाई आहे ना? स्वतः जा. एक प्रत त्याला द्यायची, दुसरीवर त्याची पोच घ्यायची. तारीख घालून सही." आणि कार्बनची जुनी प्रतही माझ्या पिशवीत टाकली. "विचारलं तर दाखवायला."

मी सायकल काढली. बदलापूरहून उल्हासनगरपर्यंत पायडल मारताना सबंध रस्ताभर मी तिला शिव्या घातल्या. त्यातल्या इथे लिहिण्यासारख्या एक-दोनच असतील, त्याही राहू दे.

त्यांची खोली एका गल्लीच्या टोकाला होती, बाहेर शिलाई मशीन. पोरगा पहिल्या पाळीहून नुकताच आला होता. मला बघून त्याचा चेहरा उतरला. म्हातारी मशीनवरून उठली.

"या मिस्त्री. आम्हाला वाटलंच होतं तुम्ही याल. चेक आणलात ना परत?"

मला कळेना. "कसला चेक?"

"टोकनचा. मुदत तर काल संपली. मी याला रोज म्हणत होते, जा, तोंड दाखवून ये. हा म्हणतो, रिकाम्या हाताने कसा जाऊ? पैसे नाहीत आणि नुसतं तोंड घेऊन गेलो तर काकू काय म्हणतील?"

मग पोराने सांगितलं. वीस टक्के तो कारखान्याच्या पतपेढीतून घेणार होता. पतपेढीने बिल्डरचं पत्र मागितलं. याने आमचं मूळ पत्र दिलं, झेरॉक्स न काढता, आणि ते त्यांच्या फाईलमध्ये गेलं. कर्ज मंजूर होणार होतं, पण कमिटीची बैठक पुढे ढकलली होती, अजून दहा-बारा दिवसांनी होती. याच्याकडे राहिली फक्त पावती, आणि पावतीवर लिहिलं होतं, मुदत तीस दिवस. बाकीच्या अटी कोणाला आठवत नव्हत्या. तिघांनी ठरवून टाकलं होतं की घर गेलं.

"शाप नाही हो देत तुम्हाला," म्हातारी म्हणाली. "लिहिलेलं होतं, आम्हीच पाळलं नाही. बसा, चहा ठेवते."

मी बसलो. मला कोणी खोटं बोलायला सांगत नव्हतं. ते स्वतःच सोडून बसले होते. मी नुसतं म्हणायचं होतं, होय, गेलं, टोकन उद्या आणून देतो. शेठकडे जायला तिथून दहा मिनिटं. सहावी अट माझ्या पिशवीत होती आणि तिथे ती कोणाला ठाऊक नव्हती. बायकोला सांगितलं असतं, त्यांना नकोच होतं म्हणाले. तेही अगदीच खोटं झालं नसतं.

सून कपबश्या काढायला फळीपाशी गेली तेव्हा फळीवरची घडी खाली घसरली. हिरवी, बारीक पांढऱ्या फुलांची. ती लगबगीने उचलायला गेली.

"काय ते?" मी विचारलं.

"काही नाही," सून म्हणाली.

"पडदे," म्हातारी स्टोव्हजवळून ओरडली. "कटपीसमधून घेतलं होतं कापड. राहू दे, कुठल्याही खिडकीला होतील. चार बाय साडेतीन काय सगळीकडेच असते."

नसते. कॅम्पातल्या खिडक्या तीन बाय तीन असतात, मी शेकडो बसवल्यात. चार बाय साडेतीन फक्त माझ्या इमारतीत होती, कारण मीच चौकटवाल्याशी भांडून ती मोठी करून घेतली होती. म्हातारी आयुष्यभर मापाने शिवणारी बाई. तिला हे ठाऊक नसेल? ती मला बरं वाटावं म्हणून बोलत होती.

चहा आला. मी पिशवीतून नवं पत्र आणि जुनी कार्बनची प्रत काढली आणि पोराला म्हणालो, "मूर्खा, महत्त्वाचा कागद कोणी झेरॉक्सशिवाय देतं का? हे वाच. सहा नंबर. मोठ्याने वाच, तुझ्या आईला ऐकू जाऊ दे."

तो वाचत गेला. म्हातारी कप हातात घेऊन तशीच उभी. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "म्हणजे सात दिवस आहेत?"

"आजपासून सात."

पोराने बोटांवर मोजलं. "पण बैठक त्यानंतर आहे."

मग मी माझ्या आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. त्याच्याकडून पेन मागितलं आणि नव्या पत्राच्या दोन्ही प्रतींच्या खाली माझ्या हाताने लिहिलं: आणखी पंधरा दिवस दिले. खाली सही. घाम फुटला मला. स्लॅब घालताना एवढा फुटत नाही. पोराने पोच दिली, तारखेसकट. म्हातारीने मला पाठीवर थोपटलं, मी काय तिचा पोरगा असल्यासारखा. मी म्हणालो, "पडद्याला वर चार बोटं जास्त सोड, दांडी उंच बसवणार आहे."

घरी येऊन ऐटीत प्रत हिच्या पुढ्यात ठेवली. मला वाटलं, डोळ्यांत पाणीबिणी येईल. तिने दोनदा वाचली.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"आणखी पंधरा दिवस कधीपासून? सातच्या आतले का सात झाल्यावरचे?"

"आजपासून की."

"आज म्हणजे कुठला? कागदाला आज नसतो हो. पंधरा वर्षांनी वाचलं तर कुठला आज ते कसं कळेल? पोचेवरची तारीख त्याच्या सहीची, तुमच्या ओळीला नाही." मग कपाळाला हात लावून हसली. "उद्या परत जा. दोन्ही प्रतींवर तारीख घाला आणि शेजारी दोघांच्या सह्या घ्या."

गेलो की. परत तेवढंच पायडल. शेठला वाटेत सांगितलं की घर नाही मिळणार. तो म्हणाला, "भाभी का कागज?" मी म्हणालो, "भाभी का कागज." त्याने हातातला कापडाचा तागा गुंडाळून फळीवर ठेवला आणि म्हणाला, वरच्या मजल्यावर पूर्वेचं आहे का? होतं. त्याचं टोकन आलं आणि त्यातून लोखंडाची सोय झाली. पण स्लॅबला तीन आठवडे उशीर झालाच, आणि ते मी तिला महिनाभर ऐकवलं.

पोराचं कर्ज झालं. ठरलेल्या मुदतीच्या आत तो चेक घेऊन आला, सोबत पेढे. वकिलांनी करारनामा केला, त्यात टोकनची रक्कम पहिल्या हप्त्यात धरली, आणि आम्ही सगळे रजिस्ट्रारच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाकड्यावर नंबर लागायची वाट बघत बसलो होतो. पोराने वकिलांना सगळी हकीकत सांगितली, काका कसे सायकलवर आले, कसं पत्र काढून दिलं.

वकील हिला म्हणाले, "वहिनी, तुमची सहावी अट चालली बरं का."

ही म्हणाली, "अट काय, कागदच तो. हे तिथे गप्प बसले असते तर कोणाला कळलं असतं? आमचे हे तोंडाचे फटकळ आहेत, पण मन साफ. तिथे जाऊन एका मिनिटात पत्र काढून हातात दिलं असेल, मला माहिती आहे."

मी बाकड्यावर खाली बघत होतो. एका मिनिटात नव्हतं दिलं. चहा होईपर्यंत बसलो होतो आणि मनातल्या मनात ते घर शेठला विकून त्याचं लोखंडही उतरवून घेतलं होतं. तेव्हा बोललो नाही. पुढेही, नातेवाइकांत, लग्नाकार्यात, ती ही गोष्ट सांगायची आणि प्रत्येक वेळी ते मिनिट तेवढंच राहायचं. मला ते ऐकायला आवडायचं. माझ्याबद्दल इतकं चांगलं दुसरं कोणी कधी बोललं नाही.

शेवटच्या आजारात एकदा ओठावर आलं होतं. तिने विचारलं, काय म्हणताय? मी म्हणालो, काही नाही, पाणी देऊ का? आता लिहितोय. तुला चुकीची माहिती होती, बाई. बराच वेळ लागला मला.